३४ टक्के साम्य, त्यातली बहुतेक अवतरणं आणि संदर्भ : कोणता आकडा धरायचा?

फोर्टची वाचक
कायद्यातला पीएचडीचा प्रबंध आहे, इंग्रजीत. विषय मुंबईतल्या जुन्या चाळींचं भाडेनियंत्रण. शब्द साधारण ६०,०००. साम्य तपासणाऱ्या टर्निटिन सॉफ्टवेअरचा अहवाल ३४ टक्के आलाय. रंगलेला भाग बघितला तर निकालपत्रांतली अवतरणं, तळटिपा आणि संदर्भयाद्याच जास्त. गाईड म्हणतात, १० च्या आत आणा. अवतरणं माझ्या शब्दांत लिहून काढू का?

माटुंग्याचा ग्रंथपाल
अवतरणांना हात लावू नका. निकालपत्रातलं वाक्य फिरवलंत की ते न्यायालयाचं राहत नाही, आणि परीक्षक कायद्याचा असेल तर तिथेच पकडेल.

यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत साम्य मोजताना काय वगळायचं ते लिहिलेलं आहे: श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, शिवाय कायद्यांचा मजकूर. तेव्हा आधी अहवालाच्या सेटिंगमध्ये `Exclude Quotes` आणि `Exclude Bibliography` चालू होतं का ते बघा. बऱ्याच ठिकाणी फाइल चढवणारा ते तसंच सोडून देतो.

चालू असूनही रंग राहिला, तर कारणं ठरलेली आहेत. कायद्याच्या लेखनात एकेरी अवतरणचिन्हं वापरायची पद्धत आहे, पण टर्निटिन दुहेरीच ओळखतं. समास सोडून आत ढकललेले लांब उतारे वर्डच्या फाइलमध्ये ओळखले जातात, पीडीएफमध्ये नाही. संदर्भयादीचं शीर्षक स्वतंत्र ओळीवर, नुसतं `References` किंवा `Bibliography` असं हवं. ‘तिसऱ्या प्रकरणात वापरलेली साधने’ असल्या शीर्षकावर विसंबू नका. आणि तळटिपा संदर्भसूचीत धरल्या जात नाहीत. कायद्याच्या प्रबंधात सगळ्यात जास्त फटका तिथेच बसतो.

दादरकर
हे म्हणजे ताप उतरवायला थर्मामीटर झटकणं झालं. फिल्टरला अवतरणचिन्ह दिसतं, श्रेय दिसत नाही. दुसऱ्याचा आख्खा परिच्छेद चिन्हांत घातला आणि खाली काहीच लिहिलं नाही, तरी तो आकड्यातून गायब होतो. मी परीक्षक असतो तर फिल्टर न लावलेला अहवालच मागितला असता.

आणि ताई, अवतरणं नेमकी किती आहेत? प्रकरणामागून प्रकरण निकालपत्रांचे उतारे असतील तर ते वाङ्मयचौर्य नव्हे हे कबूल, पण मग प्रबंध कोणाचा, हा प्रश्न उरतोच.

कलिना कट्टा
उगाच ताणताय. यूजीसी १० टक्के उचलायला परवानगी देते. शिवाय १४ शब्दांपर्यंतची जुळणी धरतच नाहीत. फिल्टरमध्ये १४ टाका, निम्मा आकडा उतरेल.

माटुंग्याचा ग्रंथपाल
कट्टा, अर्धं बरोबर. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, असं नियम म्हणतो. ‘उचला’ असं म्हणत नाही. उलट सारांश, गृहीतक, निरीक्षणं, निष्कर्ष आणि शिफारशी यांत साम्य असूच नये, अशी तिथेच टीप आहे. निष्कर्षाच्या प्रकरणात दोन टक्के जुळले तर ते संदर्भयादीतल्या तेरा टक्क्यांपेक्षा वाईट.

१४ शब्दांचं म्हणाल तर नियमात सलग १४ शब्दांपर्यंतची सामान्य किंवा योगायोगाची जुळणी सोडलेली आहे. टर्निटिनची खिडकी मात्र ‘इतक्या शब्दांपेक्षा कमी’ असं विचारते. तिथे १४ टाकलेत तर नेमकी १४ शब्दांची जुळणी आतच राहते. १५ टाकायला हवं. पण दर दहा-बारा शब्दांनी एखादा शब्द बदलून लिहिलेला परिच्छेदही त्याच फटीतून निसटतो. म्हणून हा फिल्टर शेवटी लावा आणि आधीचा अहवाल जपून ठेवा.

दादरकरांचा मुद्दा मला अर्धा मान्य आहे. दोन्ही अहवाल सोबत द्यावेत, फिल्टरशिवायचा आणि फिल्टरसकट. लपवायला काही राहत नाही.

विरारची लोकल
माझे ५८ टक्के आले होते, अवतरणं जेमतेम. संदर्भयादी काढून टाकली तरी आकडा हलेना. म्हणजे सॉफ्टवेअरच बिघडलेलं असणार ना?

माटुंग्याचा ग्रंथपाल
तुमचं दुखणं वेगळं आहे. स्रोतांच्या यादीत सगळ्यात वर `Submitted to` असं दिसतंय का? मग तुमचाच जुना मसुदा आधी कोणीतरी तपासून टर्निटिनच्या साठ्यात ठेवलेला आहे आणि आताची फाइल त्याच्याशी जुळतेय. तो तुमचाच असल्याची खात्री करून, गाईडच्या लेखी संमतीने तेवढा एक स्रोत वगळायला सांगा. पुढच्या वेळी मसुदा साठ्यात न ठेवता तपासून घ्या.

फोर्टची वाचक
चिन्हं दुहेरी केली, वर्डची फाइल दिली, तळटिपा वेगळ्या मोजल्या. ३४ टक्के म्हणजे २०,४०० शब्द. त्यातले संदर्भ आणि तळटिपा ७,८००, अवतरणं ८,४००. उरले ४,२००, म्हणजे ७ टक्के. पण एक कळत नाही. मालपे विश्वनाथ आचार्य खटल्याच्या १९९७ च्या निकालातला उतारा मी निकालपत्रावरूनच घेतला, आणि अहवालात स्रोत म्हणून कुठल्यातरी परक्या विद्यापीठाचा प्रबंध दिसतो.

माटुंग्याचा ग्रंथपाल
गाजलेला उतारा शंभर ठिकाणी असतो. सॉफ्टवेअर ‘कुठे जुळलं’ ते दाखवतं, ‘कुठून घेतलं’ ते त्याला माहीत नसतं. तुमची तळटीप निकालपत्राकडे बोट दाखवत असेल तर झालं.

दादरकर
७ कसे? संदर्भ आणि अवतरणं वरून वजा केलीत, मग खालच्या ६०,००० मधूनही करा. सगळ्या याद्या, तळटिपा आणि उतारे मिळून, जुळलेलं-न जुळलेलं धरून, किती शब्द?

फोर्टची वाचक
१८,०००.

दादरकर
मग तुमचं स्वतःचं लेखन ४२,००० शब्दांचं. त्यात ४,२०० जुळतात. हे १० टक्के झाले, ७ नव्हे. ऐन उंबरठ्यावर.

कलिना कट्टा
भागायचं कशाने, हे नियमात कुठे लिहिलंय? ७ च लिहा.

माटुंग्याचा ग्रंथपाल
नियमात टक्केवारी आहे, छेद नाही, हे खरं. मी हाताने केलेली वजाबाकी कुठेच देणार नाही. फिल्टर लावल्यावर अहवाल जो आकडा छापेल तोच प्रमाणपत्रावर. तळटिपा त्यात राहणारच, म्हणून त्यांचे शब्द वेगळ्या टिपणात लिहून जोडा. तरी दादरकरांचा हिशोब जास्त प्रामाणिक आहे, हे मानावं लागेल. समिती काय धरेल ते समितीवर.

मला त्यापेक्षा त्या ४,२०० ची चिंता आहे. ते शंभर स्रोतांत विखुरलेत की एकाच ठिकाणी साचलेत?

फोर्टची वाचक
एकाच लेखाशी १,८०० जुळतात. सगळे दुसऱ्या प्रकरणात, १९४७ च्या भाडे कायद्याची पार्श्वभूमी आहे तिथे. चिन्हं नाहीत. परिच्छेदाच्या शेवटी लेखाचं नाव आहे.

दादरकर
हेच मी म्हणत होतो.

माटुंग्याचा ग्रंथपाल
हो, हे खरं साम्य. शेवटी नाव दिलं तरी शब्द लेखकाचेच आहेत, आणि ते चिन्हांत टाकून फिल्टरला खाऊ घालू नका. लेख बंद करून ठेवा, मूळ कायदा आणि विधिमंडळातल्या चर्चा समोर घ्या आणि ती पानं नव्याने लिहा. त्या लेखकाचं वेगळं मत असेल तेवढंच चिन्हांत, पान क्रमांकासकट. मग फक्त दुसरं प्रकरण पुन्हा तपासा, साठ्यात न ठेवता.