एकच सूचना तीन ठिकाणी: मजकूर बदलायलाच हवा का?

थेटबोल्या: टाकी धुण्याची सूचना मी एकदाच लिहिली आणि तीच घरच्या गटावर, फलकावर आणि व्यवस्थापकांना ईमेलने पाठवली: ‘उद्या सकाळी पाणी बंद राहील, सहकार्य करावे.’ माहिती एकच असताना ती तीनदा लिहिणे हा वेळेचा अपव्यय आहे.

अर्धविराम: माहिती एक असली, तरी प्रत्येकाने करायचे काम निराळे असते. घरच्यांनी पाणी भरायचे, रहिवाशांनी नळ बंद ठेवायचे आणि व्यवस्थापकांनी किल्ली द्यायची. आपल्या वाक्यात यांपैकी एकही काम नाही. शिवाय फलक दुसऱ्या दिवशी वाचणाऱ्याचा ‘उद्या’ चुकतो. मी असे लिहिले असते:

गटावर: ‘आई, रविवारी नऊच्या आत पिंप भरून घे, दोनपर्यंत पाणी नाही. दादा, गाडी शनिवारीच धुऊन टाक.’

फलकावर: ‘सर्व रहिवाशांना कळविण्यात येते की, टाकीच्या स्वच्छतेसाठी रविवार, १४ जून रोजी सकाळी ९ ते दुपारी २ या वेळेत पाणीपुरवठा बंद राहील. या काळात नळ बंद ठेवावेत.’

ईमेलचा विषय: ‘१४ जून रोजी गच्चीची किल्ली मिळण्याबाबत’. मजकूर: ‘महोदय, टाकीच्या स्वच्छतेसाठी रविवारी सकाळी ८.३० वाजता गच्चीची किल्ली मिळावी, ही विनंती. आपला होकार शुक्रवारपर्यंत कळवावा.’ व्यवस्थापकांना पाणी कधी बंद, यापेक्षा आपल्याकडून काय हवे आहे, हे आधी कळले पाहिजे.

काठावरचा: गटावर काकाही असतात. त्यांच्यादेखत ‘भरून घे’, ‘धुऊन टाक’ असे हुकूम सोडले, तर पाण्याआधी मानापमानाचाच प्रश्न उभा राहील. आमच्याकडे तसे घडले आहे.

सहीविना: मूळ दोष त्या ‘कळविण्यात येते’मध्ये आहे. कळवणारा कोण? आमच्या इमारतीत अशाच निनावी सूचनेनंतर पाणी संध्याकाळपर्यंत आले नाही आणि जाब विचारायला माणूसच सापडेना. अर्धविराम यांच्या फलकावरही सही नाही, हे त्यांच्या लक्षात आलेले दिसत नाही!

अर्धविराम: कर्ता गाळण्याचे कारण आहे. ‘मी पाणी बंद करीत आहे’ असे सचिवांनी लिहिले, की समितीचा निर्णय त्यांच्या एकट्याच्या माथी बसतो.

सहीविना: मग ‘समितीने ठरविले आहे’ असे लिहा. लपायला व्याकरण कशाला हवे?

अर्धविराम: वाक्य तसेच राहील. खाली सचिवांचे नाव आणि दूरध्वनी क्रमांक येईल. आपला राग तेवढ्याने शमत असेल, तर शमवून घ्यावा.

थेटबोल्या: तारखेचे म्हणणे मान्य आहे, ‘उद्या’ने गोंधळ झालाच. विद्वानांनी किल्लीची आठवण करून दिली, हेही उपकारच, कारण ती अद्याप मिळालेली नाही. तरीही काकांसाठी चौथा मसुदा मी लिहिणार नाही.

काठावरचा: चौथा मसुदा नकोच. ‘काका, आपणही पाणी भरून ठेवावे’ एवढे एक वाक्य जोडा; मात्र ते आईच्या आधी लिहायचे की नंतर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.