अनुभव धागा: फुलवाले आणि सजावटकार एकमेकांकडे ग्राहक पाठवतात, तेव्हा वाटणी कशी करता?

परडी

समारंभांची सजावट करणाऱ्या एका नव्या जोडीदाराने आज मला कराराचा मसुदा पाठवला. त्यात ‘दोन्ही बाजूंनी परस्परांना बिलाच्या दहा टक्के’ असे वाक्य आहे. ते वाचताच माझी पहिली भागीदारी आठवली, कारण ती याच वाक्यावर उभी होती आणि याच वाक्यावरून ताणली गेली. म्हणून हा धागा काढते आहे.

दहा टक्के दोघांनाही सारखेच, त्यामुळे वाटणी समान आहे, असे ऐकताना वाटते. प्रत्यक्षात फुलांच्या बिलाची घडण निराळी असते. बिल शंभर मानले तर आमच्याकडे फुले आणि पाने यांचे साधारण बेचाळीस जातात, तुटलेल्या व कोमेजलेल्या मालाचे आठ, मजुरीचे बावीस आणि वाहतूक, फोम, तारा वगैरेचे आठ. हाती राहतात वीस, आणि दुकानाचा कायमचा खर्च त्यातूनच भागवायचा असतो. त्या विसातले दहा ओळखीपोटी दिले, तर हाती राहिलेल्यातले निम्मे मी देऊन बसते. सजावटकाराच्या फ्रेम, कापड आणि दिवे पुढच्या समारंभातही वापरता येतात, माझी फुले दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातात. त्यामुळे एकच टक्का आम्हा दोघांवर सारखा भार टाकत नाही.

आम्ही शेवटी एक सोपा तोडगा काढला. फुलांच्या कोणत्याही बिलातला निम्मा भाग माल व नासाडी यांचा आहे असे कायमचे धरून चालायचे आणि उरलेल्या निम्म्यावर दहा टक्के द्यायचे. म्हणजे शंभरामागे पाच. खरेदीच्या पावत्या एकमेकांना दाखवण्याची वेळ आली नाही आणि मी खर्च फुगवून सांगते का, ही शंकाही उरली नाही. तुमच्याकडे काय पद्धत आहे?

कमानदार

परडीताई, सजावटीच्या बाजूने थोडे लिहितो. फ्रेम पुन्हा वापरता येते हे खरे, पण तिला गोदाम लागते, रंग लागतो आणि प्रत्येक वेळी ती उभी करायला आणि उतरवायला माणसे लागतात. कापडावर एकदा डाग पडला की ते मागच्या पडद्यापुरतेच राहते. तुमच्यासारखेच शंभर धरले तर मजुरी, वाहतूक आणि दुरुस्ती यांत पंचावन्न जातात. उरलेल्या पंचेचाळिसांतून गोदाम आणि नवे साहित्य यांचा खर्च निघायचा असतो. तरीही शंभरातले दहा देणे मला जितके सोपे जाते तितके तुम्हाला जात नाही, हे मान्य आहे.

माझ्या मते टक्क्याच्याही आधी एक प्रश्न सुटायला हवा. सजावटकार नुसती ओळख करून देतो आहे, की फुलांचे काम आपल्या बिलात घेऊन तुमच्याकडून करून घेतो आहे? ओळख करून दिली की माझे काम तिथेच संपते. ग्राहकाने पैसे थकवले तर ते तुमचे थकतात, आणि फुलांविषयीची तक्रारही तुमच्याकडेच येते. अशा वेळी मला मिळणारा वाटा लहानच असायला हवा. उलट फुले माझ्या बिलात असतील, तर आगाऊ रक्कम मी भरतो, उधारी मी सोसतो आणि ग्राहकाचा राग माझ्या अंगावर येतो. तेव्हा तुमच्या दरावर मी माझी भर घालतो आणि ग्राहकाला एकच आकडा सांगतो. सर्वांत जास्त भांडणे मी या दोन पद्धतींच्या सरमिसळीतून झालेली पाहिली आहेत, कारण जोखीम ओळखीपुरती आणि वाटा उपकंत्राटाचा, असे कुणाला तरी हवे असते.

मोजपट्टी

एवढा हिशेब कशाला? आम्ही दोघे व्यावसायिक फक्त ग्राहकांची संख्या मोजतो. मी चार पाठवले, त्यांनी चार पाठवले, की फिटंफाट. पैशांची देवाणघेवाण नाही, त्यामुळे मनात किल्मिषही नाही.

परडी

मोजपट्टी, पैसे मध्ये न आणण्याचा तुमचा विचार चांगला आहे आणि दोघांची कामे साधारण एकाच आकाराची असतील तर तो चालतोही. फुलवाल्याच्या बाबतीत मात्र तो अडतो. माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बहुतेकांना एक गुच्छ हवा असतो, आणि त्यांच्यातला एखादाच समारंभाची चौकशी करतो. सजावटकाराकडे येणारा प्रत्येक जण समारंभासाठीच आलेला असतो. त्यामुळे त्यांच्याकडून आलेला एक ग्राहक मला संपूर्ण व्यासपीठाचे काम देऊन जातो आणि मी पाठवलेल्या चौघांतले तिघे भाव विचारून परततात. निव्वळ डोकी मोजली तर मी नेहमी वरचढ दिसते, पण कामाचे मूल्य मोजले तर ऋणी ठरते. आम्ही दोन्ही नोंदी ठेवतो. वाटणी फक्त पूर्ण झालेल्या कामांच्या रकमेवर होते, आणि चौकशांची संख्या एवढ्यासाठीच लिहितो की दुसऱ्याने आपले नाव सुचवायचे सोडून दिले असेल तर ते वेळीच लक्षात यावे.

छायालेख

मी छायाचित्रकार आहे. आम्हीही शेजारच्या भेटवस्तूंच्या दुकानात सवलतीची पत्रके ठेवली आहेत, पण त्यातून ग्राहक येतात की नाही ते कळत नाही. पत्रकावर सवलत किती छापावी?

कमानदार

छायालेख, इथे चर्चा सवलतीची नसून वाटणीची आहे, तरी तुमच्या प्रश्नातला एक भाग आम्हा सर्वांना लागू पडतो. ग्राहक कुठून आला हे कळल्याशिवाय कोणतीच वाटणी करता येत नाही. प्रत्येक दुकानात ठेवायच्या पत्रकावर वेगळे चिन्ह छापा आणि सवलत मागताना पत्रक दाखवावे अशी अट घाला. पत्रकाशिवाय येणाऱ्याला पहिल्याच फोनवर विचारा आणि उत्तर लगेच लिहून ठेवा, कारण आठवडाभराने विचारले तर बहुतेक जण ‘इंटरनेटवर पाहिले’ असेच सांगतात. आमचा नियम असा आहे की नाव पाठवणाऱ्याने त्याच दिवशी दुसऱ्याला ग्राहकाचे नाव आणि समारंभाची तारीख संदेशाने कळवायची. तो संदेश हीच आमची नोंद. ग्राहकाची परवानगी घेतल्याशिवाय त्याचा नंबर मात्र पुढे द्यायचा नाही.

निशिगंध

घाईत लिहिते आहे, कामावर निघायचे आहे. वाटणी नफ्याचीच होते का? नुकसानीची वाटणी कुणी ठरवली आहे का? मागे एका सजावटकाराने पाठवलेल्या ग्राहकाच्या समारंभात मी वेळेवर फुले घेऊन पोहोचले, तर कमान उभीच नव्हती. फुले पेट्यांमध्ये ताटकळली आणि नंतर तापलेल्या दिव्यांना चिकटून बसवली गेली. गुलाबांच्या कडा संध्याकाळीच तपकिरी झाल्या. ग्राहकाच्या लेखी दोष फुलांचाच, कारण कोमेजलेली फुलेच डोळ्यांना दिसतात. पैसे माझे कापले गेले आणि त्यांना ओळखीचा वाटा पूर्ण मिळाला. आजही ते मला खुपते.

परडी

निशिगंधताई, वाचून वाईट वाटले. चूक कुणाची हे पुष्कळदा जागेवरच तपासता येते, फक्त ते त्याच वेळी दोघांनी मिळून पाहायला हवे. कोमेजलेल्या फुलाजवळचा फोम मधोमध कापून बघायचा. आतला भाग कोरडा निघाला तर चूक फुलवाल्याची. फोम पाण्यावर ठेवून आपोआप बुडू द्यायचा असतो, तो वरून दाबला की आत हवा अडकते, बाहेरून ओला दिसणारा ठोकळा गाभ्यात कोरडा राहतो आणि देठांना पाणीच मिळत नाही. फोम आतपर्यंत ओला आहे आणि दिव्याच्या बाजूच्याच पाकळ्या करपल्या आहेत, मागची बाजू टवटवीत आहे, तर ते उष्णतेचे काम आहे आणि त्याची जबाबदारी दिवे लावणाऱ्याची. दोन्ही कारणे एकत्र असतील तर निकाल इतका स्पष्ट लागत नाही, हेही खरे.

आमच्या करारात आता ताबा घेण्याची वेळ लिहिलेली असते. कमान अमुक वाजता तयार, फुले त्यानंतर एका तासाने दाखल. कमान उशिरा उभी राहिली तर त्यातून झालेली नासाडी ओळखीच्या वाट्यातून आधी वजा होते. वाटा त्याहून कमी पडला तर पुढे काय, हे आम्ही अजून लिहिलेले नाही.

सूरसंगत

माझा व्यवसाय ध्वनियंत्रणेचा आहे. आमच्याकडे साखळी तयार होते. फुलवाल्याने सजावटकाराकडे पाठवलेला ग्राहक सजावटकाराने माझ्याकडे पाठवला. वाटा दोघांना द्यायचा ठरवले तर माझ्याकडे काही उरत नाही. मी फक्त ज्याने माझे नाव घेतले त्यालाच देतो, पण फुलवाले यावर नाराज आहेत. याशिवाय, पुढच्या वर्षी तोच ग्राहक थेट मला फोन करतो तेव्हा काय करायचे?

कमानदार

साखळीबाबत तुमचेच बरोबर वाटते. फुलवाल्याला त्याचा वाटा सजावटकाराकडून मिळालेला असतो, आणि तुमचे नाव सुचवण्यात त्याचा हात नव्हता.

पुन्हा येणाऱ्या ग्राहकाबद्दल माझे मत असे आहे की वाटा पहिल्याच कामावर द्यावा. दुसऱ्यांदा तो येतो तो तुमचे काम पाहून.

परडी

इथे माझे मत वेगळे आहे. सजावटकाराने विश्वास टाकून दिलेला ग्राहक दुसऱ्या वर्षी परस्पर माझ्याकडे आला आणि मी गप्प राहिले, तर पुढचा ग्राहक पाठवताना त्याचा हात आखडणारच. मी दोन गोष्टी करते. एक, पहिल्या कामापासून वर्षभरात तोच ग्राहक आला तर अर्धा वाटा देते. दुसरी मला अधिक महत्त्वाची वाटते: ग्राहकाला सजावटही करायची आहे का, हे विचारते आणि करायची असेल तर त्याच सजावटकाराचे नाव पुढे करते. त्यांच्या स्पर्धकाचे नाव त्या ग्राहकाला सुचवत नाही.

मोजपट्टी

आणि ग्राहकाला हे सगळे सांगायचे का? आमच्या जोडीदाराला वाटते की सांगितले तर ग्राहक भाव पाडून मागेल.

निशिगंध

मी सांगते. ‘यांच्याबरोबर आमचे काम ठरलेले आहे आणि ओळखीचा वाटा आम्हाला मिळतो, तरी तुम्ही दुसरीकडेही चौकशी करू शकता’ एवढेच. भाव पाडून मागणारे न सांगताही मागतात. हेच मागाहून दुसऱ्या कुणाकडून कळले, तर मात्र ग्राहक दोघांवरही संशय घेतो. परडीताई, काम रद्द झाले तर वाटा परत मागता का?

परडी

परत मागण्याची वेळच येऊ देत नाही. आगाऊ रकमेवर वाटा देत नाही, ग्राहकाचे शेवटचे पैसे जमा झाल्यावर आठवड्याच्या आत देते. समारंभ रद्द झाला आणि आगाऊ रक्कम माझ्याकडे राहिली, तर आधी त्यातून फुलांच्या मागणीचे पैसे भागवते आणि काही शिल्लक राहिले तरच त्याच निम्म्याच्या हिशेबाने वाटा काढते. नव्या जोडीदाराला आज मसुदा परत पाठवताना हे कलम आणि ताब्याच्या वेळेचे कलम अशी दोन्ही घातली आहेत. पुन्हा येणाऱ्या ग्राहकाची ओळ मात्र कोरी ठेवली आहे, ती समोरासमोर बसून ठरवू.