‘अंत्यसंस्कार कोणी केले?’ – नेमके काय विचारायचे?

मंजिरी
मी राजकारणातल्या दिवंगत नेत्यांच्या छोट्या चरित्रनोंदी तयार करते आहे. प्रत्येक नोंदीत तीन रकाने आहेत: अंत्यसंस्कार कोणी केले, कोण उपस्थित होते, कुठे झाले. पंडित नेहरूंच्या नोंदीवर अडले आहे. मराठी बातम्यांत आणि पुस्तकांत सगळीकडे तेच वाक्य मिळते, ‘पार्थिवावर शासकीय इतमामात अंत्यसंस्कार करण्यात आले’. करण्यात आले, पण कोणी केले? एका ठिकाणी ‘भडाग्नी दिला’ आहे, दुसरीकडे ‘मुखाग्नी’, तिसरीकडे ‘अंत्येष्टी’. हे सगळे एकच का? रकान्यात कोणाचे नाव लिहायचे?

नंदन
दहाव्या दिवसाचे विधी कोणी केले हे हवे असेल तर ते बातमीत क्वचितच येते. दशक्रिया बहुतेक वेळा घरातल्या मोजक्या लोकांत होते. अस्थिविसर्जनाची बातमी बघा, तिथे नावे सापडतील.

मंजिरी
नाही नंदन, मला दहनाच्या दिवसाचेच हवे आहे. दहाव्या-तेराव्याला आमच्याकडे ‘उत्तरक्रिया’ म्हणतात, त्याचा रकाना ठेवलेलाच नाही.

अनघा
नेहरूंच्या बाबतीत हा रकाना रिकामाच राहील. त्यांनी मृत्युपत्रात स्पष्ट लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर कोणतेही धार्मिक विधी करू नयेत. शिवाय सगळे सरकारी इतमामात झाले. म्हणजे विधी नाही, गुरुजी नाहीत, फक्त लष्करी मानवंदना.

श्रीपाद
अनघाताई, मृत्युपत्राचे बरोबर आहे, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. नेहरूंनी तशी इच्छा लिहून ठेवली होती हे खरे, तरी २८ मे १९६४ रोजी दिल्लीत यमुनेकाठी झालेला अंत्यविधी हिंदू पद्धतीनेच झाला आणि चितेला अग्नी त्यांचा नातू संजय गांधी याने दिला. तो तेव्हा सतरा वर्षांचा होता. नेहरूंना मुलगा नव्हता, म्हणून मुलीच्या मुलाने, दौहित्राने अग्नी दिला. माणसाने काय लिहून ठेवले आणि प्रत्यक्षात काय झाले, या दोन गोष्टींसाठी दोन वेगळे पुरावे लागतात. मृत्युपत्र पहिल्याचा पुरावा आहे, दुसऱ्याचा नाही.

‘शासकीय इतमामात’ याचाही तोच घोळ आहे. इतमाम म्हणजे व्यवस्था, थाट, मान. तिरंग्यात गुंडाळलेले पार्थिव, तोफगाडा, बिगूल, बंदुकीच्या फैरी, एवढेच तो शब्द सांगतो. त्या मानवंदनेनंतर मंत्र म्हटले गेले की नाही, अग्नी कोणी दिला, याबद्दल तो शब्द गप्प असतो. शासकीय इतमाम आणि धार्मिक विधी एकाच चितेपाशी, एकामागोमाग एक होतात. अटलबिहारी वाजपेयींचे १७ ऑगस्ट २०१८ रोजी दिल्लीत राष्ट्रीय स्मृतिस्थळावर असेच झाले. इतमाम पूर्ण सरकारी आणि अग्नी दिला मानसकन्या नमिता भट्टाचार्य यांनी.

विलास
मुली अग्नी देतात हे बरे झाले निघाले. आमच्या मोठ्या मावशीला मूल नव्हते. सगळे पुरुष नातेवाईक बाहेरगावी, म्हणून माझ्या बहिणीने अग्नी दिला. छापलेल्या शोकपत्रिकेत मात्र ‘अंत्यसंस्कार पुतण्यांनी केले’ असे आले, कारण खर्च आणि धावपळ त्यांची होती. बहिणीला आजही त्याचे वाईट वाटते. तेव्हापासून ‘केले’ हा शब्द दिसला की मी थांबतो.

श्रीपाद
विलासराव, तुम्ही अगदी मुद्द्यावर बोट ठेवलेत. ‘अंत्यसंस्कार केले’ या एका क्रियापदात तीन माणसे बसतात. ज्याने अग्नी दिला तो. ज्याने विधी सांगितला तो, गुरुजी, भिक्खू, मौलवी, पाद्री, ज्याच्या त्याच्या धर्माप्रमाणे. आणि ज्याने सगळे घडवून आणले तो, मग ते घरचे असोत, पक्ष असो की सरकार. ‘करण्यात आले’ या कर्मणी वाक्यात तिघेही लपतात. वार्ताहर घाईत असतो आणि ते वाक्य कधीच चुकत नाही, म्हणून ते लिहिले जाते. मी वृत्तपत्राच्या डेस्कवर असताना स्वतः शेकड्यांनी असली वाक्ये सोडली आहेत.

मंजिरीताई, तुमचा रकानाच मोडायला हवा: ‘अग्नी देणारे’ आणि ‘विधी सांगणारे’. दफन असेल तर पहिल्याच्या जागी ‘माती देणारे’ म्हणता येणार नाही, कारण माती सगळेच देतात. तिथे फक्त नमाज किंवा प्रार्थना कोणी म्हटली ते लिहा.

मंजिरी
हे पटले. पण मग भडाग्नी आणि मुखाग्नी?

श्रीपाद
जुन्या मराठीत जोडी होती मंत्राग्नी आणि भडाग्नी. मंत्र म्हणून दिलेला तो मंत्राग्नी, मंत्रांशिवाय दिलेला तो भडाग्नी. म्हणजे विधी झाला की नाही हे एका शब्दात कळत असे. आजच्या बातम्यांत हा फरक पुसला गेला आहे. गुरुजी समोर मंत्र म्हणत असतानाही ‘मुलाने भडाग्नी दिला’ असेच छापून येते. त्यामुळे १९६४ च्या किंवा आजच्या बातमीत ‘भडाग्नी’ दिसला म्हणून धार्मिक विधी झाला नाही असे समजू नका. त्यातून एवढेच घ्या की पुढे ज्याचे नाव आहे त्याच्या हातात पलिता होता. मुखाग्नी हिंदीकडून जास्त येतो, अर्थ तोच. अंत्येष्टी मात्र पूर्ण विधीचे नाव आहे, फक्त अग्नी देण्याचे नाही.

अनघा
पण शब्दाचा अर्थ वापराने बदलत असेल तर आता भडाग्नी म्हणजे नुसते ‘चितेला अग्नी देणे’ असे कोशातही लिहायला हवे ना? जुना अर्थ धरून बसलो तर आज कोणाला कळणार?

श्रीपाद
कोशात दोन्ही अर्थ हवेत. नोंदीत मी तो शब्द तरीही टाळेन.

राहुल
मीही टाळेन, आणि माझे कारण वेगळे आहे. बाबासाहेबांच्या नोंदीत कोणी ‘भडाग्नी’ लिहिले तर ते सरळ चूक आहे. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत २६ अलीपूर रोडवर महापरिनिर्वाण झाले, पार्थिव विमानाने मुंबईला आणून राजगृहात ठेवले आणि ७ तारखेला दादर चौपाटीवर बौद्ध पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. आनंद कौसल्यायन यांच्या हस्ते झाले. विधी होता, पण तो वैदिक मंत्रांचा नव्हता. मंत्राग्नी-भडाग्नी या जोडीत ते बसतच नाही.

श्रीपाद
शब्दाबद्दल पूर्ण सहमत, इथे ‘चितेला अग्नी दिला’ एवढेच लिहावे. फक्त ‘यांच्या हस्ते’ जपून वापरा. अग्नी दिला पुत्र यशवंतराव, म्हणजे भय्यासाहेब आंबेडकर यांनी. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथेच जमलेल्या प्रचंड समुदायाला धम्मदीक्षा दिली, म्हणून त्यांचे नाव त्या दिवसाशी कायमचे जोडलेले आहे. ‘यांच्या हस्ते’ म्हटले की वाचक अग्नीच समजतो. ‘यांच्या उपस्थितीत बौद्ध पद्धतीने’ हे नेमके होईल.

राहुल
हो, ते दुरुस्त करतो. आणि ठिकाणाबद्दल एक आग्रह: ‘अंत्यसंस्कार चैत्यभूमीवर झाले’ असे लिहिलेले मी बऱ्याच ठिकाणी पाहिले आहे. आज त्या जागेला चैत्यभूमीच म्हणायचे, पण त्या दिवशी ती दादर चौपाटी होती. तिथला स्तूप नंतरचा आहे.

मंजिरी
म्हणजे नेहरूंचे ‘शांतिवन’ही तसेच? माझ्याकडे ठिकाणाच्या रकान्यात शांतिवन लिहिले आहे, आणि १९६४ च्या अंकांत तो शब्द शोधून हाती काहीच लागले नाही.

श्रीपाद
लागणारच नाही. स्मारकाचे नाव दहनानंतर पडते. त्या दिवसांतल्या बातमीत ‘राजघाटाजवळ’, ‘यमुनेच्या काठी’ असे वर्णन असते. शोधताना ते शब्द घाला, आणि नोंदीत ‘यमुनाकाठी, राजघाटाजवळ (आताचे शांतिवन)’ असे लिहा. लालबहादूर शास्त्रींचे विजयघाट तसेच. त्यांचा मृत्यू ताश्कंदला, दहन दिल्लीला, आणि विजयघाट हे नाव त्यानंतरचे.

तारखेचीही काळजी घ्या. नेहरूंचे निधन २७ मे ला दुपारी झाले, त्यांच्या निवासस्थानी, तीन मूर्ती भवनात. २८ च्या सकाळच्या अंकात मृत्यूची बातमी आणि अंत्ययात्रेचा मार्ग मिळेल, म्हणजे काय होणार आहे ते. काय झाले ते २९ च्या अंकात. २८ च्या अंकावरून ‘अमुक उपस्थित राहतील’ वाचून ‘उपस्थित होते’ लिहिणे ही नेहमीची चूक आहे. विमान उशिरा येते, माणूस पोहोचत नाही.

विलास
उपस्थित म्हणजे तरी काय? आमच्याकडे दारात येऊन दर्शन घेऊन गेलेलाही ‘उपस्थित’, आणि स्मशानात शेवटपर्यंत थांबलेलाही.

श्रीपाद
त्यासाठी मराठीत चांगले शब्द तयार आहेत, ते वेगळे ठेवले की झाले. अंत्यदर्शन घेतले म्हणजे पार्थिव ठेवले होते तिथे, तीन मूर्तीत. पुष्पचक्र अर्पण केले, तेही बहुतेक तिथेच. अंत्ययात्रेत सामील झाले म्हणजे रस्त्यात. खांदा दिला म्हणजे तिरडीपाशी, आणि हा पुरावा सगळ्यात भक्कम. लोकमान्य टिळकांच्या वेळी, १ ऑगस्ट १९२० ला, गांधीजींनी खांदा दिला हे म्हणूनच इतके पक्के लक्षात राहिले आहे. आणि ‘शोक व्यक्त केला’ म्हणजे माणूस तिथे नव्हता असेच आधी धरा.

नेहरूंच्या वेळी अमेरिकेचे अध्यक्ष जॉन्सन यांचा शोकसंदेश आला, पण आले ते परराष्ट्रमंत्री डीन रस्क. ब्रिटनचे पंतप्रधान अ‍ॅलेक डग्लस-ह्यूम आणि लॉर्ड माउंटबॅटन आले, रशियाचे कोसिगिन आले, श्रीलंकेच्या सिरिमावो बंदरनायके आल्या. शेख अब्दुल्ला पाकिस्तानच्या दौऱ्यावर होते, तो अर्धवट टाकून ते दिल्लीला परतले. यादीत जॉन्सन आणि रस्क दोघेही दिसले तर यादी करणाऱ्याने संदेश आणि उपस्थिती एकत्र केली आहे हे लगेच ओळखता येते.

मंजिरी
मग नेहरूंची नोंद अशी लिहिते: ‘दहन: २८ मे १९६४, दिल्ली, यमुनाकाठी राजघाटाजवळ (आताचे शांतिवन). हिंदू पद्धतीने, शासकीय इतमामात. अग्नी देणारे: नातू संजय गांधी. विधी सांगणारे: –. उपस्थित: डग्लस-ह्यूम, माउंटबॅटन, रस्क, कोसिगिन, बंदरनायके, शेख अब्दुल्ला.’ मृत्युपत्रातली इच्छा वेगळ्या ओळीत, तिच्या जागी.

अनघा
ती ओळ मी अग्नीच्या आधी घेईन. नाहीतर ‘हिंदू पद्धतीने’ वाचून वाचक समजेल की त्यांनाच ते हवे होते.

श्रीपाद
मी नंतर घेईन. नोंद दहनाची आहे, इच्छेची नाही.

अनघा
ज्याचे दहन त्याची इच्छा नोंदीबाहेरची कशी, श्रीपादकाका? मला नाही पटत.

मंजिरी
क्रमाचे मी आमच्या संपादकांना विचारते. ‘विधी सांगणारे’ समोरची रेघ मात्र तशीच ठेवते, २९ मे च्या अंकात नाव मिळेपर्यंत.