मदत हवी आहे: लॉजला यायचा रस्ता हिंदीत करून द्या, शनिवारी पाहुणे येताहेत

मेघा_कळे
गगनबावडा रस्त्याला आमच्या शेतात छोटा लॉज आहे. वडील फोनवर रस्ता सांगतात आणि मराठी पाहुणे बरोबर पोचतात. हिंदी पाहुण्यांना मी तेच हिंदीत लिहून पाठवते, तर गेल्या तीन गाड्यांतल्या दोन चुकल्या. एक कुटुंब लहान पोरांना घेऊन रात्री दीड तास उसात फिरत होतं, मला फार वाईट वाटलं. शनिवारी अजून एक कुटुंब येतंय. ज्याचं हिंदी चांगलं आहे त्यानं करून द्या. लवकर.

कोल्हापुरी_नकाशा
कशाला लिहीत बसताय? लोकेशन पाठवा, विषय संपला.

मेघा_कळे
पाठवते की. फाट्यापासून आत रेंज नाही. आणि नकाशा ओढ्याच्या पलीकडच्या पाणंदीनं आणतो. तिथनं पावसाळ्यात बैलगाडीसुद्धा येत नाही.

टेम्पोवाले_काका
ताई, मजकूर टाका. मराठी आणि हिंदी दोन्ही. मजकूर न बघता कोण काय सांगणार?

मेघा_कळे
वडिलांचं: "फुलेवाडीतनं गगनबावडा रस्ता धरा. कळं मागं टाकलं की सात किलोमीटरवर आमचा फाटा. फाट्याला डाव्या अंगाला वळा. मारुतीचं देऊळ उजव्या हाताला टाकून सरळ. मोरी ओलांडली की दुसरी डावी. गुऱ्हाळाच्या पुढं पाणंदीनं आत."
माझं: "फुलेवाड़ी से गगनबावड़ा रोड. काले के बाद सात किलोमीटर पर फाटक. फाटक से दाएं. हनुमान मंदिर पर दाएं मुड़कर सीधे. मोरी के बाद दूसरा दाएं. गन्ने के रस की दुकान के आगे अंदर."

हिंदी_अध्यापक
भगिनी, मूळ चूक सरळ आहे. मराठी "डावा" आणि हिंदी "दायाँ" कानाला सारखे लागतात, पण दायाँ म्हणजे उजवा. डाव्याला "बायाँ" म्हणतात. तेवढं बदला. देवळाचं "दाएँ मुड़कर" बरोबरच आहे, कारण मुळात उजवा हात म्हटलंय.

टेम्पोवाले_काका
सर, पहिलं बरोबर, दुसरं न्हाई. "देऊळ उजव्या हाताला टाकून" म्हणजे तिथं वळायचंच नाही. देऊळ आपल्या उजवीकडं राहिलं पाहिजे आणि गाडी सरळ गेली पाहिजे. आमच्याकडं सगळे असंच बोलतात, वड उजवा घालून, विहीर डावी टाकून. ही वळायची खूण नव्हे, बरोबर चाललोय का ते बघायची खूण आहे. हिंदीत "मंदिर आपके दाहिने हाथ पर रहेगा, मुड़ना नहीं है, सीधे चलें" असं फोडूनच लिहायला लागतं.

मेघाताई, एक सांगा. जी गाडी चुकली नाही ती कुठनं आली होती?

मेघा_कळे
गोव्याहून, करूळ घाटानं. पण त्याचा काय संबंध? तीसुद्धा देवळापाशी थांबली, तिथनं वडील जाऊन घेऊन आले.

टेम्पोवाले_काका
तोच संबंध. कोल्हापूरकडनं येणाऱ्याला तुमचा फाटा डावीकडं, गगनबावड्याकडनं येणाऱ्याला उजवीकडं. तुमचं चुकीचं "दाएं" त्या गाडीला आपोआप बरोबर पडलं. बाकीच्या दोन फाट्यालाच उलट्या शिवारात घुसल्या असणार. म्हणून पाहुणा कुठनं येणार ते आधी विचारा आणि दोन वेगळे मजकूर ठेवा. फाट्यावरनं आतला भाग दोघांना एकच.

मेघा_कळे
खरंच, दोन्ही गाड्या समोरच्या शिवारातच सापडल्या होत्या! शनिवारचं कुटुंब इंदूरहून येतंय, पुण्यावरनं. कोल्हापुरात येईपर्यंत अंधार पडेल.

राधानगरीकर
आमचं घर दाजीपूर रस्त्याला. आम्ही पत्ता सांगणं बंद केलं आणि फाट्यावर फलक लावला. भाद्रपदात ऊस डोक्याच्या वर गेला आणि फलक दिसेना. मग खांब उंच केला. तुम्हीही दहा फुटांवर लावा.

भटकंती_सांगली
दर काय आहेत? शाकाहारी जेवण मिळेल का? आम्ही आठ जण आहोत.

हिंदी_अध्यापक
"फाटक" मात्र बदलाच. हिंदीत फाटक म्हणजे दार नाहीतर रेल्वेचं गेट. माणूस गेट शोधत पुढं निघून जाईल. मी "मोड़" सुचवतो. तसंच "मोरी" म्हणजे त्यांना गटार वाटेल, ते "पुलिया" करा.

टेम्पोवाले_काका
पुलिया एकदम बरोबर. "मोड़" नको, मोड़ म्हणजे नुसतं वळणसुद्धा होतं आणि त्या रस्त्याला वळणं किती आहेत! "फाटा" तसंच ठेवा आणि पुढं लिहा की मुख्य रस्त्यातून बाईं तरफ छोटी सड़क निकलती है. राजस्थानकडच्या ड्रायव्हरांना फाटा शब्द कळतो, मी नेलेत.

हिंदी_अध्यापक
राजस्थान म्हणजे इंदूर नव्हे.

टेम्पोवाले_काका
म्हणूनच पुढं फोडून लिहा म्हटलं.

आणि गावाची नावं बदलू नका. "कळे"चं तुम्ही "काले" केलंत, हिंदी माणूस पाटीवर "काले" शोधत बसेल. पाटीवर आहे तसं "कळे" लिहा. ळ त्यांना बोलता येणार नाही, पण अक्षर जुळवून बघता येतं. तावडे हॉटेलचंही तेच. महामार्गावर शिरोलीचा पूल ओलांडला की तावडे हॉटेलला आत वळा म्हणून आपण सांगतो, आणि परगावचा माणूस जेवायचं हॉटेल शोधतो. ते चौकाचं नाव आहे असं स्पष्ट लिहा.

मेघा_कळे
गुऱ्हाळाला काय म्हणू? रसाचं दुकान चुकलं का?

टेम्पोवाले_काका
चुकलं. तिथं गूळ होतो, रस विकत नाहीत. पण ताई, आता गुऱ्हाळ चालू आहे का?

मेघा_कळे
नाही, दिवाळीनंतर पेटतं. आता नुसतं पत्र्याचं शेड आणि धुराडं.

टेम्पोवाले_काका
मग आता ती खूण निम्मीच उपयोगाची, आणि रात्री तर नाहीच. हंगामात धूर दिसतो आणि वास लांबनं येतो, तेव्हा लिहा. आता हेडलाइटात दिसेल असं काहीतरी द्या. आणि "दुसरी डावी" मोजताना वडील पाणंदी धरतात का?

मेघा_कळे
विचारून आले. धरत नाहीत, फक्त डांबरी. मोरीनंतर मध्ये दोन पाणंदी आहेत, म्हणजे नवीन माणसाला ती चौथी डावी. एवढी वर्षं मला हे सुचलंच नव्हतं. त्या वळणाला पाण्याची टाकी आहे, पांढरी, तिच्यावर दिवा असतो.

टेम्पोवाले_काका
झालं तर. आकडा काढूनच टाका. फाट्यापासूनचा भाग असा करा:

"फाटे पर बाएँ मुड़ें (बायाँ = लेफ्ट)। थोड़ा आगे मारुति मंदिर आपके दाहिने हाथ पर रहेगा, वहाँ मुड़ना नहीं है, सीधे चलें। छोटी पुलिया पार करने के बाद कच्चे रास्तों पर न मुड़ें। जहाँ सफ़ेद पानी की टंकी पर बत्ती जलती दिखे, वहीं बाएँ मुड़ें। अगर सड़क कच्ची हो जाए और टंकी न दिखी हो, तो आप आगे निकल आए हैं, वापस मुड़ें।"

शेवटचं वाक्य गाळू नका. चुकलो हे कशावरनं ओळखायचं ते आत रेंज नसताना कुणाला विचारता येत नाही.

कोल्हापुरी_नकाशा
मी अजूनही म्हणतो, लोकेशन लॉजचं नको, फाट्याचं पाठवा. तिथंवर रेंज असते आणि नकाशाही बरोबर नेतो. पुढं काकांचा मजकूर.

टेम्पोवाले_काका
हे मात्र पटलं. पण मांडुकलीपाशी पाणी आलं तर नकाशा सांगणार नाही. शनिवारी सकाळी रस्ता सुरू आहे का ते वडिलांना बघायला सांगा.

मेघा_कळे
मजकूर नागपूरच्या मावसबहिणीला पाठवला, ती इकडं कधी आली नाही. वाचून कागदावर रस्ता काढ म्हटलं. देऊळ बरोबर उजवीकडं काढलं, पण टाकी रस्त्याच्या उजव्या बाजूला काढली. टाकी डावीकडं आहे, ते घालते. टाकीवरचा दिवा लाइट गेल्यावर बंद असतो, त्याला काय करायचं?

राधानगरीकर
रिफ्लेक्टर पट्टी लावा टाकीच्या खांबाला. आमच्या फलकाला लावलीय, हेडलाइट पडला की चमकते.

भटकंती_सांगली
दर सांगितले नाहीत.