सोयाबीन पिवळं, प्रश्न विचारणारे ढीगभर

पिकपाणी_०७: सोयाबीन पिवळं पडतंय, काय फवारू एवढंच विचारलं होतं. आधी वाण विचारला, मग पेरणीची तारीख, मग माती परीक्षण, मग परत फोटो. उत्तर द्यायचं नसेल तर गप्प बसा ना.

बांधावरचा: चिडणं बरोबर आहे. वाण कळून औषध बदलणार नसेल तर विचारायचा कशाला? पहिल्या फेरीत दोनच गोष्टी विचारायच्या, पिवळी पानं शेंड्याची की खालची, आणि शिरा हिरव्या आहेत का. दुसरी फेरी फोटोची. तिसरी नाही, तिथून पुढे अर्धवट का होईना सांगून टाकायचं. शेंडा पिवळा, शिरा हिरव्या, जमीन चुनखडीची किंवा पाणी साचलेलं, तर लोह मिळत नाहीये. आधी पाणी काढा, वाफसा आला की हिराकस ५० ग्रॅम १० लिटरला. खालची पानं आधी पिवळी तर नत्र. मधेच एखाद्या झाडावर पिवळे-हिरवे चट्टे तर मोझॅक, तिथे हिराकस काही करत नाही, झाड उपटा आणि पांढरी माशी बघा. आणि खाली स्पष्ट लिहायचं, तणनाशक मारलंय का ते मला माहीत नाही.

काळी_माती: जर-तर वाचतं कोण साहेब? लोक पहिली ओळ वाचून पंप पाठीवर घेतात. आमच्या शेजारी मोझॅकवर हिराकस मारत बसले, तोवर माशी अख्ख्या शेतात. फोटोशिवाय मी बोलणार नाही, पाच फेऱ्या झाल्या तरी चालेल.

बांधावरचा: पाच फेऱ्यांत पण माशी पसरतेच की, ती तुमच्यासाठी थांबते काय!

तूरवाला: माझी तूर पण पिवळी आहे. कृषी केंद्रवाल्याने एक प्रश्न न विचारता टॉनिक दिलं, वर म्हणे उधारीत लिहितो. यांच्यावर बोला आधी!

दुकानातला_पोरगा: दुकानदाराला शिव्या घालायला सगळे पुढे. पाणी साचलंय का विचारलं की गिऱ्हाईक म्हणतं बाटली दे, नसेल तर समोरच्याकडे जातो. उधारी कोण बुडवतं ते पण लिहा.

तूरवाला: म्हणजे चूक आमचीच? पावती मागितली तर तोंड वाकडं करता.

दुकानातला_पोरगा: पक्की पावती देतो, रोख आणा.

काळी_माती: अरे सोयाबीनचा धागा आहे हा. तूरवाले, शेतात पाणी तुंबलंय का? मुळं उपटून बघा, टॉनिक राहू दे.

पिकपाणी_०७: शेंडाच पिवळा आहे, शिरा हिरव्या. आणि तणनाशक मारलं होतं, आठवडा होतोय. हे कुणी विचारलंच नव्हतं.

काळी_माती: घ्या! तणनाशकाचा पिवळेपणा असेल तर नवीन पानं निघाली की बहुतेक आपोआप जातो. हिराकसचे पैसे वाया गेले असते.

बांधावरचा: आणि तणनाशकाचं मी लिहिलं नसतं तर ते कळलं असतं का?

काळी_माती: बरं, तेवढं मार्क तुम्हाला. पण पाणी साचलं होतं का ते अजून सांगितलेलं नाही.

पिकपाणी_०७: खालच्या बाजूला साचलं होतं. पिवळं मात्र सगळीकडे आहे.