‘उलटा हातोडा’ म्हणजे अर्थही उलटा का?

विश्रामबागकर
शेअरच्या चार्टवर एका दिवसाचा भाव दाखवणारी कँडल हातोड्यासारखी, म्हणजे हॅमर, दिसली की तेजी, असं शिकलो होतो. म्हणून इन्व्हर्टेड हॅमर दिसला तेव्हा मंदी समजून शेअर विकून टाकले आणि भाव चढला. मग ‘उलटा’ म्हणजे नेमकं काय उलटं?

कृष्णाकाठ
उलटं आहे ते चित्र. हातोड्याचा दांडा, म्हणजे भाव जिथवर जाऊन परतला ती बारीक रेघ, खाली असतो, तो इथं वर गेला, एवढंच. दोन्ही कँडल घसरणीनंतर येतात आणि दोन्ही भाव वळण्याची शक्यता सांगतात. उलट्या हातोड्याचा संकेत मात्र कच्चा असतो, कारण भाव दिवसात वर गेला तरी तिथं टिकलेला नसतो. दुसऱ्या दिवशीचा बंद भाव बॉडीच्या, म्हणजे उघडलेला आणि बंद झालेला भाव यांमधल्या जाड भागाच्या, वर आला तरच त्याला वजन. हेच चित्र चढानंतर आलं असतं तर त्याचं नाव शूटिंग स्टार, आणि तिथं तुमची विक्री समजण्यासारखी होती.

हळदपेठ
सोपं आहे की. कँडल हिरवी असली तर हॅमर, लाल असली तर हँगिंग मॅन. मी हळदीच्या वायद्यात रंगच बघतो.

कृष्णाकाठ
रंगानं जोर थोडा कमीजास्त होतो, नाव बदलत नाही. समजा भाव 410 ला उघडला, 396 पर्यंत पडला, 414 ला शिवून 413 ला बंद झाला. बॉडी 3 रुपयांची, खालची शेपटी 14 ची. शेअर 480 वरून घसरत इथवर आला असेल तर हा हॅमर. 350 वरून चढत आला असेल तर हीच हिरवी कँडल हँगिंग मॅन, म्हणजे भाव खाली वळण्याचा इशारा. त्या दिवशी 410 च्या पुढं घेतलेले लोक वर बसलेत. दुसऱ्या दिवशी बंद भाव 403 आला की ते अडकतात आणि सुटायला विकू लागतात. भाव 410 च्या खाली बंद झालाच नाही, तर मी हँगिंग मॅन सोडून देतो. चढ पुष्कळदा तसाच चालू राहतो.

यवतेश्वर
आमच्या घाटासारखं झालं. साताऱ्यातून निघालात तर चढ, कासहून आलात तर उतार, रस्ता तोच. बाकी हॅमरला जपानीत ‘ताकुरी’ म्हणतात, म्हणजे पाण्याचा तळ चाचपणं. आपल्याकडं त्याला ‘ठाव घेणं’ हा नेमका शब्द आहे. घसरणीत 396 ला ठाव लागला, असं म्हणता येतं. चढावर कसला ठाव? म्हणून तिथं नाव वेगळं.

विश्रामबागकर
‘ठाव’ पटला. हँगिंग मॅनला ‘फाशी’ म्हणू का?

यवतेश्वर
फाशी म्हटलं की निकाल लागल्यासारखं वाटतं. इथं अजून दुसरा दिवस बघायचाय. ‘लटकता’ बरा.

हळदपेठ
पण जपानीतलं ‘कुबित्सुरी’ म्हणजे गळफासच की. मला फाशीच योग्य वाटतं. आणि भाव महिनाभर एकाच पट्ट्यात फिरत असताना ही कँडल आली तर?

कृष्णाकाठ
मग यातलं कुठलंच नाव लावू नका. वळायला आधी घसरण किंवा चढ हवा. तो किती दिवसांचा धरायचा, यावर मात्र आमच्या कट्ट्यावरही दोन मतं आहेत. मी निदान आठ-दहा कँडल बघतो.