कट शिवून कुर्तीचा ड्रेस होत नाही

"लांब कुर्तीचे साइड कट शिवून टाकले की झाला ट्युनिक ड्रेस, वेगळा कशाला घ्यायचा?"

नाही होत, मी करून बसलेय. ठाण्यात गावदेवी मार्केटमधून घेतलेल्या गुडघ्यापर्यंतच्या कुर्तीचे दोन्ही कट शिवले आणि स्टेशनच्या जिन्यावर पाऊलच उचलेना. कुर्तीचा घेर अरुंद बेततात, कारण चालायला जागा कटमधून मिळते. माझं सीट ४० इंच, खालचा घेर मोजला तर जेमतेम ४२! ट्युनिक ड्रेस लेगिंगशिवाय घालायचा, त्याला कट नसतो, म्हणून तो खाली पसरत जातो. मला निदान ४८ लागतो. नुसतं ट्युनिक मांडीवरच संपतं, तिथे कट नसला तरी अडत नाही. तुम्हाला शिवायचेच असतील तर दोन्ही बाजूंना कळी घालून घ्या, तेवढं कापड मिळालं तर.

कफ्तानचं मात्र गणितच निराळं. त्याची बाही वेगळी जोडत नाहीत, रुंद कापडाच्या घडीतूनच निघते आणि मधोमध गळा कापतात, बहुतेकदा व्ही. म्हणून कापड अंगावर पडणारं हवं: रेयॉन, जॉर्जेट, फार तर मलमल. कडक कॉटनचा शिवलात की खांद्यापासून तंबू.